व्याज हातात नाही पण टीडीएस कापला : 31 मार्चचं एफडीचं व्याज रिटर्नमध्ये कसं दाखवायचं

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मामेबहिणीचा फोन आला, आवाजावरूनच कळलं की चिडलीय. "दादा, माझी एफडी 2028 ला मॅच्युअर होणारे, अजून एक रुपया हातात आलेला नाही, आणि बँकेने माझ्या सेव्हिंगमधून पाच हजार तीनशे बेचाळीस रुपये कापले. कशाचे?" मी म्हटलं टीडीएस असेल. तर म्हणे, "अरे पण व्याजच मिळालं नाही तर टॅक्स कशावर?"

प्रश्न अगदी बरोबर आहे आणि पहिल्यांदा मोठी एफडी करणाऱ्या प्रत्येकाला तो पडतोच. घरच्यांची आणि दोनचार मित्रांची रिटर्नं मीच भरून देतो, त्यामुळे दरवर्षी जूनमध्ये हेच परत परत समजावतो, यावेळी म्हटलं एकदाच नीट लिहून टाकू. खालचं सगळं 2025-26 या आर्थिक वर्षाच्या रिटर्नसाठी आहे, म्हणजे असेसमेंट इयर 2026-27. नवा आयकर कायदा 1 एप्रिल 2026 पासून लागू झालाय हे खरं, पण 31 मार्च 2026 पर्यंतचं उत्पन्न जुन्या 1961 च्या कायद्यानेच मोजायचंय, त्यामुळे कलमांचे नंबर जुनेच दिलेत.

आधी, कापलं का ते

बहिणीची एफडी अशी : 1 जुलै 2025 ला 10 लाख ठेवले, 7 टक्के, तीन वर्षं, क्युम्युलेटिव्ह. म्हणजे व्याज दर तिमाहीला मोजून मुद्दलात मिळवलं जातं आणि सगळं शेवटी एकदम मिळतं. पावतीवर मॅच्युरिटीची रक्कम 12,31,439 छापलीय. तिच्या डोक्यात गणित सरळ होतं, 2028 ला 2,31,439 मिळतील तेव्हा टॅक्सचं बघू.

बँकेचं गणित तसं नसतं. बँक दर तिमाहीला व्याज तुमच्या नावावर जमा धरते, तुमच्या खिशात येवो न येवो. टीडीएसचं कलम 194ए त्याबाबतीत फार स्पष्ट आहे, व्याज तुम्हाला दिलं किंवा तुमच्या नावे जमा केलं, यातलं जे आधी होईल तेव्हा कापायचं, आणि बँकेने ते "देय व्याज" अशा नावाच्या आपल्या आतल्या खात्यात टाकलं तरी ते तुमच्या नावे जमा केल्यासारखंच धरायचं. बँकांची सिस्टीम रोजच्या रोज व्याज मोजत असते, मग रोज टीडीएस कापायचा का असा घोळ मधे झालेला, तेव्हा 2010 मध्ये सीबीडीटीने, म्हणजे आयकर खात्याच्या वरच्या मंडळाने, परिपत्रक काढून सांगितलं की रोजची ती तरतूद फक्त हिशोबापुरती आहे, तिच्यावर नको, पण तिमाहीला जमा होईल तेव्हा, वर्षअखेरीला, किंवा मॅच्युरिटीला, जे आधी येईल तेव्हा कापा. म्हणून 31 मार्च हा दिवस टाळता येत नाही. एफडी कितीही वर्षांची असो, दर 31 मार्चला त्या वर्षाचं व्याज मोजून होतंच.

तिच्या एफडीवर काय झालं बघा :

- 1 जुलै ते 30 सप्टेंबर : 17,500
- 1 ऑक्टोबर ते 31 डिसेंबर : 17,806
- 1 जानेवारी ते 31 मार्च : 18,118

बेरीज 53,424. डिसेंबरअखेर 35,306 झालेलं, ते मर्यादेच्या खाली, म्हणून तोवर काहीच कापलं नाही. 2025-26 साठी बँकेच्या व्याजाची मर्यादा 50,000 आहे (ज्येष्ठ नागरिकांना 1 लाख), त्याच्या आदल्या वर्षी ती 40,000 होती. मार्चची तिमाही जमा झाली आणि आकडा 50,000 च्या वर गेला, आणि एकदा वर गेला की 10 टक्के पूर्ण 53,424 वर लागतात, वरच्या 3,424 वर नाही. म्हणून 5,342. काही बँका वर्षभराच्या व्याजाचा अंदाज बांधून पहिल्या तिमाहीपासूनच थोडं थोडं कापतात, त्यामुळे शेजाऱ्याला सप्टेंबरमध्ये मेसेज आला आणि तुम्हाला मार्चमध्ये, तर घाबरायचं कारण नाही.

ही मर्यादा एका बँकेतल्या तुमच्या सगळ्या एफडी मिळून असते, शाखा वेगवेगळ्या असल्या तरी. दोन वेगवेगळ्या बँकांत 45-45 हजार व्याज असेल तर कुठेच कापलं जाणार नाही, पण टॅक्स मात्र 90 हजारांवर लागतोच. टीडीएस कापला नाही म्हणजे टॅक्स नाही, हा समज इतका पक्का बसलेला असतो की काढता काढता घाम फुटतो.

कागद कधी गोळा करायचे

घाई करू नका. एप्रिलमध्ये 26एएस, म्हणजे आपल्या पॅनवर जमा झालेल्या टॅक्सचा सरकारी उतारा, उघडून "माझा टीडीएस दिसतच नाही" म्हणून ओरडणारे बरेच असतात. मार्चमध्ये कापलेला टीडीएस सरकारकडे भरायला बँकेला 30 एप्रिलपर्यंत वेळ असतो आणि जानेवारी ते मार्चचं टीडीएस रिटर्न भरायला 31 मेपर्यंत. ते भरलं की मगच ती एंट्री तुमच्या पॅनवर येते, आणि फॉर्म 16ए, म्हणजे बँकेचं टीडीएस सर्टिफिकेट, द्यायची तारीख 15 जून. म्हणजे जूनचा दुसरा आठवडा उलटल्यावर बसा, त्याआधी बसलात तर परत बसावं लागेल.

तीन गोष्टी काढायच्या. पहिली बँकेच्या नेटबँकिंगमधून इंटरेस्ट सर्टिफिकेट, ते वर्ष निवडून, 1 एप्रिल 2025 ते 31 मार्च 2026 असं. दुसरी फॉर्म 26एएस, त्यासाठी incometax.gov.in वर लॉगिन करून e-File मध्ये Income Tax Returns, मग View Form 26AS, तिथून ते ट्रेसेस या आयकर खात्याच्याच टीडीएसच्या साइटवर नेतं, तिथे असेसमेंट इयर 2026-27 निवडायचं. इथे पहिल्यांदा करणारे हमखास चुकतात, 2025-26 निवडतात आणि गेल्या वर्षीचे आकडे बघत बसतात. तिसरी एआयएस, म्हणजे बँका वगैरेंनी तुमच्याबद्दल आयकर खात्याला कळवलेल्या माहितीची यादी, तीही त्याच पोर्टलवर आहे.

26एएस मध्ये बँकेचं नाव, तिचा टॅन म्हणजे टीडीएस कापणाऱ्याचा नंबर, आणि खाली 194A लिहिलेल्या ओळी दिसतील. त्यात तारीख, जमा केलेली रक्कम, कापलेला कर आणि भरलेला कर असतं. स्टेटसच्या कॉलममध्ये F असेल तर ठीक, म्हणजे पैसे सरकारकडे पोचून जुळलेत. U असेल तर अजून जुळलेले नाहीत, तेव्हा थोडं थांबा, आणि जुलै आला तरी तसंच असेल तर बँकेच्या मागे लागा, कारण ते बँकेनेच दुरुस्त करायचं असतं, तुम्हाला पोर्टलवर काहीही करता येत नाही.

सर्टिफिकेटमधले दोन कॉलम, इथेच बहुतेकांचा घोळ होतो

सर्टिफिकेटवर सहसा व्याजाचे दोन कॉलम असतात, एक Interest Paid आणि एक Interest Accrued. नावं बँकेप्रमाणे थोडी इकडेतिकडे होतात, अर्थ तोच. पहिला म्हणजे या वर्षात प्रत्यक्ष दिलेलं किंवा मुद्दलात मिळवलेलं व्याज, दुसरा म्हणजे 31 मार्चपर्यंत झालेलं पण अजून द्यायचं बाकी असलेलं.

बहिणीची एफडी 1 जुलैला सुरू झालेली त्यामुळे तिमाही बरोबर 31 मार्चला संपते, तुकडा उरत नाही. पण सगळे लोक 1 तारखेला एफडी करत नाहीत. समजा तुम्ही 17 ऑगस्टला केलीत आणि व्याज दर तिमाहीला खात्यात घेताय. तर व्याज 17 नोव्हेंबरला येणार, 17 फेब्रुवारीला येणार, आणि पुढचं थेट 17 मेला. मग 17 फेब्रुवारी ते 31 मार्च हा जो साधारण दीड महिना आहे त्याचं काय? बँक 31 मार्चला त्या दीड महिन्याचं व्याज मोजून तुमच्या नावे लावते, टीडीएस लागू असेल तर त्यावरही कापते, पण पासबुकात त्या दिवशी व्याजाची एंट्री नसते. पासबुकातलं व्याज आणि 26एएस मधलं व्याज जुळत नाही ते बहुतेक वेळा याच तुकड्यामुळे.

आणि पुढच्या वर्षी उलटं होतं. 17 मेला तुमच्या खात्यात पूर्ण तीन महिन्यांचं व्याज येतं, पण त्यातल्या दीड महिन्याचा टॅक्स तुम्ही आधीच्या वर्षात भरलेला असतो. मी स्वतः हा मार खाल्लाय. माझ्या एका जुन्या एफडीचं सर्टिफिकेट काढलं, दोन्ही कॉलमची बेरीज केली, टाकली रिटर्नमध्ये, झोपलो शांत. पुढच्या वर्षीही तेच. नंतर एकदा सहज 26एएस शेजारी ठेवून बघितलं तर माझा आकडा दोन्ही वर्षं बँकेच्या आकड्यापेक्षा जास्त, कारण माझ्या बँकेच्या सर्टिफिकेटमधल्या पेडच्या कॉलममध्ये गेल्या वर्षीचा तुकडा आलेला होता आणि मी तो वजा केलाच नव्हता. एकाच व्याजावर दोनदा टॅक्स भरला, आणि तोही स्वतःच्या हाताने, कोणाला नाव ठेवणार.

तर हिशोब असा करायचा :

```
या वर्षाचं व्याज = या वर्षात दिलेलं
                  + या 31 मार्चला देणं बाकी
                  - गेल्या 31 मार्चला देणं बाकी होतं ते
```

एफडीचं पहिलं वर्ष असेल तर तिसरी ओळ शून्य. काही बँकांचं सर्टिफिकेट ही वजाबाकी करूनच देतं, तेव्हा परत करू नका. कळणार कसं? 26एएस मधल्या त्या बँकेच्या सगळ्या 194A ओळींच्या रकमेची बेरीज करा. टीडीएस पूर्ण वर्षभराच्या व्याजावर कापला गेला असेल तर ती बेरीज आणि तुमचा आकडा जुळायला हवा, दहावीस रुपये इकडेतिकडे चालतं. हजारांत फरक असेल तर सर्टिफिकेटवरची एफडी नंबरांची यादी तपासा, एखादी एफडी दुसऱ्या कस्टमर आयडीखाली असते (लग्नाआधीच्या नावाने उघडलेलं जुनं खातं, हे मी दोनदा पाहिलंय) आणि ती सर्टिफिकेटमध्ये येतच नाही, पॅन एकच असल्याने 26एएस मध्ये मात्र येते.

एआयएस बघताना अजून एक सावधगिरी. तिथे तेच व्याज दोन ठिकाणी दिसू शकतं, एकदा टीडीएसच्या भागात आणि एकदा SFT च्या भागात, कारण बँक दोन वेगवेगळ्या विवरणांत ते कळवते. ते दुप्पट व्याज नव्हे. शेजारी टीआयएस म्हणून सारांश असतो त्यात सहसा हे डुप्लिकेट काढलेलं असतं, पण "सहसा" वर विसंबू नका, सर्टिफिकेट हातात ठेवूनच आकडा टाका. खरंच चुकीचं असेल तर त्या ओळीवर क्लिक करून फीडबॅक देता येतो.

आता मुख्य निर्णय : दरवर्षी दाखवायचं की शेवटी एकदम

बहिणीचा पुढचा प्रश्न हाच होता. "मला 2028 ला मिळणारे, मी तेव्हाच दाखवते ना, आत्ता का?"

कायद्याने दोन्ही चालतं. इतर स्रोतांचं उत्पन्न, आणि एफडीचं व्याज त्यातच येतं, ते तुम्ही नियमितपणे जी हिशोबाची पद्धत वापरता तिने दाखवायचं असं कलम 145 म्हणतं. एक तर झालं तसं, दरवर्षी. किंवा मिळालं तेव्हा. पण "नियमितपणे" या शब्दावर सगळं अडलंय, या वर्षी ही पद्धत, पुढच्या वर्षी ती, एका एफडीला अशी दुसरीला तशी, हे चालत नाही.

आणि मिळालं तेव्हा दाखवायचं ठरवलं की टीडीएसचं लचांड मागे लागतं. नियम 37बीए सांगतो की ज्या वर्षी उत्पन्न दाखवाल त्याच वर्षी त्या टीडीएसचं क्रेडिट मिळेल. म्हणजे या वर्षी 53,424 दाखवले नाहीत तर 5,342 चं क्रेडिटही या वर्षी मागायचं नाही, ते पुढे ओढायचं. मग 2026-27 चं व्याज 75,698, टीडीएस साधारण 7,570. 2027-28 चं 81,138, टीडीएस 8,114. हे सगळे मिळून 21,026 रुपये तीन वर्षं रिटर्नमध्ये पुढे पुढे ढकलत न्यायचे, आयटीआर-2 च्या टीडीएसच्या शेड्यूलमध्ये त्यासाठी वेगळे रकाने आहेत, आणि शेवटी 2028-29 मध्ये पूर्ण 2,31,439 दाखवून ते क्रेडिट मागायचं. मधे एका वर्षी टाकायला विसरलात की साखळी तुटली. शिवाय दरवर्षी एआयएस म्हणणार की तुम्हाला 75 हजार व्याज आहे आणि तुमच्या रिटर्नमध्ये शून्य, मग पोर्टलवरून मेसेज येणार, त्याला उत्तर देत बसा. आणि सव्वादोन लाख एकाच वर्षात आले की स्लॅबच बदलू शकतो, नव्या रेजीममध्ये 12 लाखांच्या आसपास असलेल्यांची तर रिबेटच जाऊ शकते.

माझं मत विचाराल तर पगारदार माणसाने दरवर्षी दाखवावं आणि मोकळं व्हावं. बँक तशीच कळवते, टीडीएस तसाच कापते, सगळे आकडे एका रेषेत राहतात. शेवटच्या वर्षी एप्रिल ते जून 2028 या एकाच तिमाहीचे 21,180 दाखवायचे उरतात. मॅच्युरिटीला 2,31,439 व्याज म्हणून आले तरी टॅक्स फक्त या 21,180 वर, बाकीच्यावर आधीच भरलाय. आणि गंमत म्हणजे ते 21,180 एकटे असतील तर 50,000 च्या मर्यादेच्या आत असल्याने त्यावर टीडीएस कापला जाणारच नाही, म्हणून लोक ते दाखवायचं विसरतात. कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवा.

यातली एकच उलटी बाजू, दरवर्षी टॅक्स खिशातून जातो आणि पैसे मात्र अजून बँकेत अडकलेले असतात. बहिणीला हेच पटत नव्हतं. ज्याला हे नको त्याने व्याज दर तिमाहीला किंवा महिन्याला खात्यात घेणारी एफडी करावी, निदान टॅक्स भरायला पैसे तरी हातात येतील.

रिटर्नमध्ये टाकताना

पगार आणि व्याज एवढंच असेल, एकूण उत्पन्न 50 लाखांच्या आत असेल, तर आयटीआर-1 पुरतं. तिथे इतर स्रोतांच्या भागात Interest from Deposits असा पर्याय येतो, त्यात 53,424 टाकायचे. पूर्ण. 53,424 मधून 5,342 वजा करून 48,082 टाकायचे नाहीत. ही दुसरी मोठी चूक, आणि ती करणारे म्हणतात की "मला तर तेवढेच मिळाले". कापलेला टीडीएस हा तुमच्याच उत्पन्नातून तुमच्याच वतीने भरलेला टॅक्स आहे, तो उत्पन्नातून वजा होत नाही, टॅक्समधून वजा होतो. व्याज कापून टाकाल आणि वर टीडीएसचं क्रेडिटही घ्याल तर दोनदा फायदा घेतल्यासारखं होईल, आणि 26एएस मधल्या रकमेशी तुमचा आकडा न जुळल्याने ते पकडलंही जाईल.

सेव्हिंगचं व्याज वेगळ्या ओळीत टाका, त्याचं आणि एफडीचं मिसळू नका. जुन्या रेजीममधली 80टीटीएची 10,000 ची सूट फक्त सेव्हिंगच्या व्याजाला आहे, एफडीला नाही. ज्येष्ठांना 80टीटीबीमध्ये 50,000 पर्यंत एफडीचंही चालतं, तेही जुन्याच रेजीममध्ये.

मग टॅक्स पेडच्या भागात जा. तिथे पगाराचा टीडीएस वेगळा आणि इतर उत्पन्नाचा वेगळा असतो. बँकेची ओळ बहुतेक आपोआप भरून आलेली असते, टॅन आणि 5,342. आपोआप आलंय म्हणून पुढे जाऊ नका, 26एएस शेजारी उघडून एकेक ओळ जुळवा. टॅनचा एक आकडा जरी चुकला तरी क्रेडिट मिळत नाही, हाताने भरणाऱ्यांनी तर दोनदा वाचावं.

अजून किती भरायचं

लोकांना सगळ्यात जास्त धक्का इथे बसतो. "बँकेने टॅक्स कापलाय, झालं की." नाही झालं. बँक सरसकट 10 टक्के कापते, तिला तुमचा स्लॅब माहीत नसतो. (पॅन दिलेलं नसेल तर 20 टक्के, तो वेगळाच मनस्ताप.)

बहिणीचा पगार 17,75,000, नवी रेजीम, स्टँडर्ड डिडक्शनचे 75,000 गेले की 17 लाख. नव्या रेजीममध्ये 16 ते 20 लाखांच्या टप्प्याला 20 टक्के आहे, म्हणजे तिचं व्याज पूर्णच्या पूर्ण त्या टप्प्यात पडतं. सेस धरून 20.8 टक्के. 53,424 वर 11,112 रुपये टॅक्स. बँकेने कापले 5,342. उरले 5,770. पगाराचा टॅक्स ऑफिसने बरोबर कापलाय असं धरलं तर हे 5,770 तिने रिटर्न भरण्याआधी स्वतः भरायचे, पोर्टलवर e-Pay Tax मध्ये जाऊन Self-Assessment Tax निवडून. चलनाचा नंबर आणि बीएसआर कोड जपून ठेवायचा, रिटर्नमध्ये लागतो.

हे ऐकून ती म्हणाली, "म्हणजे मला रिफंड नाहीच? मला वाटलं हे परत मिळतात." रिफंड मिळतो, पण ज्याचा एकूण टॅक्स कापलेल्यापेक्षा कमी येतो त्याला. तिच्या आईचं, म्हणजे माझ्या मामीचं उत्पन्न करपात्रच होत नाही, तिच्या एफडीवर कापलं गेलं तर ते रिटर्न भरूनच परत येईल, बँकेत जाऊन भांडून येणार नाही, कारण एकदा सरकारकडे भरलेले पैसे बँकेच्या हातात उरत नाहीत. अशांनी वर्षाच्या सुरुवातीलाच बँकेला लिहून द्यायचं असतं की माझा टॅक्स शून्य आहे, कापू नका. 2025-26 साठी ते फॉर्म 15जी आणि 60 वर्षांवरच्यांना 15एच होते. मार्चच्या 31 ला धावत जाऊन दिलेला फॉर्म काही कामाचा नसतो. आणि ज्यांचा टॅक्स खरंच लागतो त्यांनी कापणं टाळायला तो देऊ नये, ते खोटं निवेदन होतं.

उरलेली रक्कम 10,000 च्या वर जात असेल तर मात्र जूनजुलैपर्यंत थांबणं महाग पडतं, कारण मग ॲडव्हान्स टॅक्स लागू होतो आणि तो वेळेत न भरल्यास महिन्याला 1 टक्क्याने व्याज लागतं (धंद्याचं उत्पन्न नसलेल्या ज्येष्ठांना यातून सूट आहे). बहिणीला या वर्षी 5,770 म्हणून चिंता नाही, हीच एफडी राहिली आणि पगाराचा टप्पा तोच राहिला तर पुढच्या वर्षीही साधारण 8,175, तेही आत. पण तिने दुसरी एक एफडी टाकली की ओलांडलं. त्यावर माझा साधा उपाय : ऑफिसात जेव्हा गुंतवणुकीचं डिक्लेरेशन देता तेव्हाच एफडीचं अंदाजे व्याजही इतर उत्पन्न म्हणून कळवा, ते पगारातून थोडं थोडं कापतील, वर्षअखेरीला काही उरणार नाही. पगार थोडा कमी हातात येतो म्हणून लोक कळवत नाहीत, आणि मग जुलैत माझ्याकडे येतात.

दोन गोष्टी ज्या नंतर लक्षात येतात

पहिली, टीडीएस कुठून कापला ते बघा. बहिणीच्या बँकेने सेव्हिंगमधून घेतला म्हणून तिची एफडी जशीच्या तशी वाढेल आणि 12,31,439 च मिळतील. पण बऱ्याच बँका एफडीतल्या व्याजातूनच कापतात, आणि मग पावतीवर छापलेली मॅच्युरिटी रक्कम मिळत नाही. 31 मार्च 2026 ला एफडीतून 5,342 गेले असते तर ते पुढच्या नऊ तिमाह्या वाढले नसते आणि एकट्या या कापणीने शेवटी साधारण 6,245 रुपये कमी मिळाले असते, पुढच्या वर्षांच्या कापण्या वेगळ्याच. मॅच्युरिटीला "बँकेने फसवलं" म्हणून तावातावाने जाण्याआधी 26एएस काढून हा हिशोब करा.

दुसरी, जॉइंट एफडी. टीडीएस पहिल्या नावाच्या पॅनवर जातो, पैसे कोणाचेही असोत. आईचे पैसे, पहिलं नाव मुलाचं, असं असेल तर 194A ची ओळ मुलाच्या 26एएस मध्ये येणार आणि तो म्हणणार हे माझं व्याज नाहीच. नंतर निस्तरण्यापेक्षा एफडी करतानाच ज्याचे पैसे त्याचं नाव पहिलं लावा.

बहिणीने शेवटी 53,424 दाखवले, 5,342 चं क्रेडिट घेतलं, 5,770 भरले आणि रिटर्न व्हेरिफाय केलं. मग विचारते, "दादा, पुढच्या वर्षी गेल्या 31 मार्चचा बाकी आकडा लागेल म्हणालास ना, तो किती लिहू?" तिच्या बाबतीत शून्य, कारण तिमाही बरोबर 31 मार्चला संपते. पण तिने विचारलं ते आवडलं. तुमची एफडी अधल्यामधल्या तारखेची असेल तर सर्टिफिकेटची पीडीएफ सेव्ह करताना नावातच वर्ष आणि तो बाकी आकडा टाकून ठेवा, पुढच्या जूनमध्ये शोधत बसावं लागणार नाही.